चौथं पान

पिंपळगाव बसवंतजवळच्या त्या शेडमध्ये शिरलं की आधी रंगाचा आणि वेल्डिंगचा वास येतो. डावीकडे अर्धे जोडलेले ब्लोअर, उजवीकडे पत्र्याच्या कपाटात ती. लाल कापडी पाठीची, लांबट, रेघांची वही. पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘सभासद नोंदवही’ असं लिहिलं आहे. कायद्याच्या नमुन्यात तिला एमजीटी-१ म्हणतात. मी कंपनी सेक्रेटरी आहे, वर्षातून चार-पाच वेळा तिला उघडते आणि दर वेळी हात धुऊन उघडते.

तिचा स्वभाव समजायला वेळ लागतो. बाकीच्या वह्या बोलक्या असतात. खरेदीची वही लोखंडाचा भाव सांगते, उधारीची वही कुणाची द्राक्षं अजून विकली गेली नाहीत ते सांगते. ही फक्त मोजून सांगते. सभासदाला एक पान, पानाला एक नंबर. त्यावर नाव, पत्ता, किती शेअर, कितव्या क्रमांकापासून कितव्यापर्यंत, कोणत्या तारखेला, किती पैसे भरून. शेअर का दिले, काय ठरलं होतं, कुणी कुणाला काय शब्द दिला होता, याला तिच्यात रकानाच नाही. आणि एकदा लिहिलं की लिहिलं. चुकलं तर खोडरबर नाही, आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. हिशेबाच्या वह्या आठ वर्षं सांभाळल्या तरी कायद्याचं समाधान होतं. हिला मात्र कायमचं जपावं लागतं.

१९४५ साली अमळनेरला एक वनस्पती तेलाची कंपनी निघाली आणि गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले. तीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि त्या घरांतल्या पुढच्या पिढ्या त्याच नोंदींच्या जोरावर तिच्या भागधारक राहिल्या. नोंदवहीतल्या एका ओळीचं आयुष्य केवढं असतं, हे खानदेशात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या वहीत तीन पानं भरलेली होती. (ओळख पुसून आणि आकडे गोल करून सांगते.) पहिल्या पानावर भाऊ, ५७,००० शेअर. तो यंत्रं घडवतो. दुसऱ्या पानावर त्याची थोरली बहीण, ३८,००० शेअर. विक्री, वसुली, बँक सगळं तिच्याकडे. तिसऱ्या पानावर ५,००० शेअर, भावाच्या एका मित्राचे. सुरुवातीला त्यानं जागा मिळवून दिली होती, पहिले दोन डीलर गाठून दिले होते, आणि ‘पुढेही बघतो’ म्हणाला होता. दहा रुपये दरानं ५०,००० रुपये भरून तो पाच टक्क्यांचा मालक झाला. वर्षभरानं तो दुबईला गेला. ‘पुढेही बघतो’ हे वाक्य वहीत नाही, ५,००० हा आकडा आहे. हे शेअर चार वर्षांत, काम होईल तसे हप्त्याहप्त्यानं द्यायला हवे होते. तेव्हा मी त्यांच्याकडे नव्हते, पण असते तरी ऐकलं असतं का, सांगता येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत टक्के स्वस्त वाटतात.

धंदा चालला. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात, त्याआधी ब्लोअर शेतकऱ्याच्या दारात हवा. पैसे मात्र बरेचदा माल निघाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. विक्री वर्षाला पाच कोटींवर गेली, कर भरून ४५ लाख उरू लागले आणि प्रत्येक पावसाळ्यात हातातली रोकड आटू लागली. शिवाय भावाच्या डोक्यात छोट्या ट्रॅक्टरला चालेल असा, औषध कमी लागणारा नवा ब्लोअर होता.

त्याच सुमारास एक काका आले. आयुष्य शेतीऔषधांच्या वितरणात गेलेलं, सांगली-सोलापूरकडच्या दुकानदारांत वजन, हातात पैसा. म्हणाले, अडीच कोटी देतो, ४० टक्के द्या, तिकडची बाजारपेठ माझी जबाबदारी.

बहिणीचा फोन आला. “मॅडम, माणूस चांगला आहे हो. भावाला तर ते वडिलांसारखे वाटतात. किती टक्के द्यायचे एवढं सांगा.”

मी म्हटलं, “ताई, किती टक्के ते शेवटी बघू. अडीच कोटी कशाला हवेत ते आधी मांडू.”

हिशोब मांडला तेव्हा अडीच कोटींचे तीन वेगळे पैसे निघाले. ७० लाख हंगामाआधीच्या पत्र्या-पंपांसाठी आणि उधारीसाठी, ४० लाख कटिंग मशीनसाठी आणि उरलेले १ कोटी ४० लाख नव्या ब्लोअरसाठी. त्यात नमुने करायचे, दोन हंगाम बागांमध्ये चाचण्या घ्यायच्या आणि नव्या भागात सर्व्हिसची माणसं बसवायची. पहिले ७० लाख दरवर्षी जातात आणि परत येतात. ते बँकेच्या कॅश क्रेडिटचं काम. मशीन समोर उभं राहतं, त्याच्यावर टर्म लोन मिळतं. तारण कमी असेल तर लघुउद्योगांसाठी सीजीटीएमएसईची हमी आहे, तिची मर्यादा एप्रिल २०२५ पासून दहा कोटी झाली आहे. या १ कोटी १० लाखांवर अकरा टक्क्यांनी वर्षाला बारा लाखांच्या आसपास व्याज जाईल, पण कर्ज एक दिवस फिटतं. वहीतलं पान फिटत नाही.

उलट, नव्या ब्लोअरचे पैसे कर्जानं उभे करणं चूक ठरलं असतं. यंत्र बागेत अपयशी ठरलं तरी हप्ता थांबत नाही आणि घर गहाण पडलेलं असतं. बुडू शकेल अशा पैशासाठीच मालकी द्यायची, कारण बुडण्यातला वाटा घेणारा माणूस तिथेच लागतो. म्हणून बाहेरून घ्यायचे पैसे ठरले दीड कोटी. १ कोटी ४० लाखांवर थोडी सवड ठेवून.

मग किमतीचा प्रश्न. काकांच्या पहिल्या मागणीत तो दडलेलाच होता. अडीच कोटींना ४० टक्के म्हणजे पैसे आल्यानंतरची कंपनी सव्वासहा कोटींची आणि पैसे यायच्या आधीची पावणेचार कोटींची. दहा वर्षांची मेहनत, नाव आणि वर्षाला ४५ लाखांचा नफा यांना पावणेचार कोटी. भावंडांनी घाई केली नाही. बँकेचं कर्ज मंजूर करून घेतलं, हंगामाच्या आगाऊ रकमेसह ऑर्डरी घेतल्या आणि मग पुन्हा बसली. ज्याचा पावसाळा दुसऱ्याच्या पैशावाचून निघतो, त्याला भाव नीट मिळतो. या वेळी सहा कोटींवर बोलणं आलं.

सहा कोटी, पण पैसे यायच्या आधीचे की आल्यानंतरचे? टेबलावर कुणी हा शब्द उच्चारला नव्हता. दोन्ही बाजू ‘सहा कोटींना ठरलं’ म्हणून आनंदात घरी गेल्या. मी वही उघडून पेन्सिलनं कोऱ्या कागदावर चौथं पान लिहून पाहिलं.

आधीचे सहा कोटी धरले तर एक लाख शेअरांना भागून एका शेअरचा भाव ६०० रुपये. दीड कोटीत काकांना २५,००० नवे शेअर. एकूण झाले १,२५,०००, म्हणजे त्यांचे २० टक्के. नंतरचे सहा कोटी धरले तर दीड कोटी हा सहाचा पाव भाग, म्हणजे २५ टक्के. भाव ४५० रुपये, शेअर ३३,३३३. एका शब्दानं पाच टक्के हलतात.

पण नुसते पाच टक्के नव्हते. कंपनीचे मोठे निर्णय, म्हणजे नियमावली बदलणं किंवा बाहेरच्या माणसाला नवे शेअर देणं, विशेष ठरावानं होतात. त्याला विरोधाच्या तिप्पट मतं बाजूनं लागतात, म्हणजे चारात तीन. २५,००० शेअर दिले तर भावाबहिणीचे मिळून १,२५,००० पैकी ९५,०००, म्हणजे ७६ टक्के. ठराव त्यांच्या हातात राहतो, अगदी काठावर, पण राहतो. ३३,३३३ दिले तर ७१ टक्के. मग विशेष ठरावासाठी एकतर काकांची संमती हवी, नाहीतर तिसऱ्या पानाची. दुबईतल्या त्या मित्राचे पावणेचार टक्के मिळवले की बेरीज बरोबर पंचाहत्तरवर येते. त्याच्या ५,००० शेअरांना असा भाव येईल याची कल्पना त्यालाही नसेल.

बहिणीनं मग त्याला फोन करून ते शेअर परत मागितले. त्यानं नव्या भावानंच देईन असं सांगितलं, म्हणजे तीस लाख. एवढे पैसे नव्हते. तिसरं पान जिथल्या तिथे राहिलं. आणि तीनच सभासद असलेल्या कंपनीत त्यातला एकटाही, गळचेपी झाली म्हणून, कंपनी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, कारण तिथे एक दशांश सभासदांनाही दार उघडं आहे. म्हणून टक्के थोडे असले तरी माणूस लहान समजू नये.

आणखी एक वाट होती टक्के निसटण्याची. काकांच्या वकिलांच्या मसुद्यात एक साधं वाक्य होतं. कर्मचाऱ्यांसाठी दहा टक्के शेअर राखून ठेवावेत आणि ते गुंतवणुकीच्या आधीच बाजूला काढावेत. चांगल्या कारागिराला मालकी द्यावी हे मला मनापासून पटतं. पण ‘आधीच’ या शब्दामुळे तो सगळा वाटा जुन्या तीन पानांतून जातो, काकांच्या वीस टक्क्यांना ओरखडाही येत नाही. सगळं धरून शेअर होतात १,४२,८५७ आणि दीड कोटींना २८,५७१ शेअर म्हणजे भाव ५२५. सहा कोटी म्हणता म्हणता सव्वापाच कोटी झाले. कर्मचाऱ्यांनी शेअर घेण्याआधीच भावंडांची मतं चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या खाली. शेवटी ठरलं असं की कर्मचाऱ्यांचा वाटा पाच टक्के, तो गुंतवणुकीनंतर काढायचा आणि त्यात चारही पानांनी आपापल्या प्रमाणात झीज सोसायची.

भावाचं म्हणणं होतं, वीस काय नि पंचवीस काय, धंदा वाढला की सगळं भरून निघेल. त्याला मी पुढची कोरी पानं दाखवली. चौथं पान शेवटचं नसतं. नवा ब्लोअर चालला तर कारखान्यासाठी पाचवं पान येईल, राज्याबाहेर जायचं तर सहावं. प्रत्येकानं वीस टक्के घेतले तर जुन्या तिघांचे शंभराचे ऐंशी, ऐंशीचे चौसष्ट, चौसष्टचे एक्कावन्न होतात. पहिल्याच वेळी चाळीस दिले असते तर साठ, अठ्ठेचाळीस, अडतीस. म्हणजे दुसऱ्याच माणसानंतर कंपनी दुसऱ्यांची. आणि असा दुसरा माणूस बहुधा येतच नाही. शहाणा गुंतवणूकदार वही मागतो, राबणाऱ्यांच्या पानांवर फार कमी उरलंय असं पाहतो आणि नम्रपणे परत जातो. माझं मत असं की पहिल्या बाहेरच्या माणसाला दहा ते वीसच्या मध्ये द्यावेत. पंचविसाची रेघ पहिल्याच वेळी ओलांडू नये. तेवढे देऊनही गरज भागत नसेल तर गरज लहान करावी, नाहीतर हंगामभर थांबावं.

आता वहीत जे लिहिता येत नाही त्याकडे वळते. मोबदल्यात काय मागायचं, ही सगळी भाषा वहीबाहेरची. म्हणून ते पान भरायच्या आधी मागावं लागतं.

काकांचे पैसे महत्त्वाचे होतेच, पण त्यांना चढा वाटा द्यायचा तो सांगली-सोलापूरच्या बाजारपेठेसाठी. मग ती बाजारपेठ मोजून मागितली. दोन हंगामांत वीस डीलर. डीलर म्हणजे दुकानावर पाटी लावणारा नव्हे. ज्यानं किमान दोन यंत्रं विकून पैसे भरले तो डीलर. आणि हा शब्द शेअरांना बांधला. काकांना १०० साधे शेअर दिले आणि २४,९०० अशा अग्रहक्काच्या शेअरांत दिले की जे पुढे सक्तीनं साध्या शेअरांत बदलतात. बाहेरचे गुंतवणूकदार बहुधा असेच घेतात. वीस डीलर झाले तर एकास एक बदलायचे, नाही झाले तर २४,९०० चे २१,४००. म्हणजे वीस टक्क्यांऐवजी पावणेअठरा. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “माझ्या शब्दावर माझाच विश्वास नसेल तर मी आलो कशाला?” सही केली. जो ही अट नाकारतो, त्याच्या ओळखीपाळखींना टक्क्यांत किंमत देऊ नये.

अग्रहक्क म्हणजे कंपनी विकली गेली तर कुणाच्या हातात आधी पैसे पडणार. मसुद्यात होतं की काका आपले दीड कोटी आधी घेतील आणि उरलेल्यातही वीस टक्के घेतील. समजा वाईट दिवस आले आणि कंपनी चार कोटींना विकावी लागली. आधी दीड कोटी, मग उरलेल्या अडीचमधले पन्नास लाख. काकांना दोन, बाकी सगळ्यांना मिळून दोन. वहीत वीस टक्के दिसतात आणि हातात पन्नास टक्के जातात. बदलून घेतलं ते असं की काकांनी आपले दीड कोटी घ्यावेत किंवा वीस टक्के घ्यावेत, जे जास्त असेल ते, दोन्ही नाही. चार कोटींत त्यांना दीड, बाकीच्यांना अडीच. बुडत्या दिवसात आपलं मुद्दल आधी मागणं मी रास्त समजते. दोनदा जेवणं रास्त नाही.

एका कलमावर मात्र मी अडून बसले. पाच वर्षांत बाहेर पडायची वाट मिळाली नाही तर भावंडांनी स्वतःच्या मालमत्तेतून, अठरा टक्के चक्रवाढीनं ते शेअर परत घ्यायचे. दीड कोटींचे सुमारे ३ कोटी ४३ लाख. मग ही मालकी कुठली? हे घरादारावरचं कर्जच, फक्त व्याज महाग आणि वर वीस टक्के मतं. ते कलम काढलं. त्याऐवजी पाच वर्षांनंतर काकांनी गिऱ्हाईक आणावं, पहिला हक्क भावंडांचा, आणि स्पर्धक कंपनीला विकायचं नाही असं ठरलं. कंपनीकडे नफा साठला असेल तर कायद्याच्या मर्यादेत कंपनीही परत घेऊ शकते.

काकांच्या संमतीशिवाय करायचे नाहीत असे एकतीस विषय मसुद्यात होते. त्यात दोन लाखांवरची प्रत्येक खरेदी होती. पत्र्याचा एक ट्रकसुद्धा त्याहून महाग पडतो, रोज काकांना फोन करून कारखाना चालत नाही. सहा विषय राहिले, त्यात नवे शेअर, कंपनीची विक्री, ठरावीक मर्यादेपुढचं कर्ज आणि घरच्या माणसांशी होणारे व्यवहार आलेच. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार समजायचा. आणि हे सगळं करारावर न सोडता कंपनीच्या नियमावलीत उतरवलं. शेअर हस्तांतरावरचं बंधन नियमावलीत नसेल तर ते कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच सांगितलं आहे.

पैसे यायच्या दिवशी भावानं विचारलं, “मॅडम, चालू खात्यातच घेऊ का? पत्र्याचं पेमेंट आहे.” मी जवळजवळ ओरडलेच. हे पैसे वेगळ्या खात्यात, काकांच्या स्वतःच्या बँक खात्यातून यावे लागतात. त्याआधी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, विशेष ठराव, देकाराचं पत्र. पैसे आल्यापासून साठ दिवसांत शेअर द्यायचे, नाही दिले तर पंधरा दिवसांत परत करायचे, त्यातही चुकलं तर साठाव्या दिवसापासून बारा टक्के व्याज. दिल्यावर पंधरा दिवसांत पीएएस-३ हा फॉर्म भरायचा आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. घाईत खर्च केलेले आणि वर्षभर वहीत न आलेले पैसे मी अनेक कंपन्यांत पाहिले आहेत. पुढे भांडण झालं की एक बाजू त्याला भांडवल म्हणते, दुसरी कर्ज, आणि कागद कुणाच्याच बाजूनं बोलत नाही.

मग मी तिला उघडलं आणि चौथं पान लिहिलं. अग्रहक्काच्या शेअरांना वेगळं पान लागतं, म्हणून काकांच्या नावाची दोन पानं झाली. एकावर १००, दुसऱ्यावर २४,९००. क्रमांक, तारीख, प्रत्येकी ६०० रुपये. लिहायला दहा मिनिटं लागली. त्यामागे पाच महिन्यांचं बोलणं होतं आणि त्यातला एक शब्दही तिच्यात नाही.

मोठ्या कंपन्यांचे शेअर आता डिमॅटमध्ये गेले, त्यांची ही वही पडद्यावर दिसते. छोट्या कंपनीला अजून कागद चालतो. तुमची अशी कंपनी असेल आणि कुणी पैसे घेऊन दारात उभं असेल, तर टक्के बोलायच्या आधी ती वही मागवून घ्या. तिसऱ्या पानावर कोण आहे ते बघा, आणि चौथं पान आधी पेन्सिलनं कोऱ्या कागदावर लिहून पाहा.